भाऊ डॅलसला गेला, डुओ प्लॅनचं काय करायचं?

प्रश्न : मी जर्सी सिटीत राहते. दोन वर्षांपासून माझ्या स्पॉटिफाय डुओवर, म्हणजे दोघांच्या प्लॅनवर, धाकटा भाऊ आहे. बिल माझ्या कार्डावर येतं, महिना 16.99 डॉलर, तो अर्धे पाठवतो. ऑगस्ट 2025 मध्ये तो एमएस करायला डॅलसला गेला. आता त्याला घरचा पत्ता कन्फर्म करा म्हणून मेल आलाय. तो म्हणतो, "ताई, तुझाच पत्ता टाकतो, उगाच दोन प्लॅन कशाला?" टाकू दे का?

उत्तर : टाकू देऊ नका. खरं-खोटं क्षणभर बाजूला ठेवलं तरी यात वाचणारे पैसेच फार थोडे आहेत.

2025 मधल्या दरांनी एकट्याचा प्लॅन 11.99 आणि डुओ 16.99, म्हणजे दुसरा माणूस तुम्हाला 5 डॉलरमध्ये पडतो. स्पॉटिफायच्या मिळकतीतला साधारण दोन-तृतीयांश वाटा गाण्यांच्या हक्कधारकांकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या आणि संगीत प्रकाशकांकडे जातो. दोन माणसं दुप्पट गाणी ऐकतात, पण पैसे जवळपास दीडपटच येतात. एका छपराखाली राहणाऱ्यांसाठी ही सूट ठीक आहे, कारण त्यांतल्या दुसऱ्याने एरवी कदाचित प्लॅन घेतलाच नसता. पण गावोगावचे मित्र एका प्लॅनवर गोळा झाले, तर पूर्ण पैसे देणारी गिऱ्हाइकंच कमी होतात. फॅमिली प्लॅनवर तर 2025 च्या दराने 19.99 मध्ये सहा जण बसत, माणशी साडेतीन डॉलरसुद्धा नाही. सगळ्यांनी एकाच पत्त्यावर राहायची अट आली ती यातून. तुमचं सख्खं नातं तिथे कामाचं नाही. वेगळ्या घरातला सख्खा भाऊ चालत नाही आणि त्याच घरातली रूममेट डुओवर चालते. 2018 मध्ये स्पॉटिफायने काही सभासदांकडून चक्क जीपीएसने घर कुठे आहे ते मागितलं होतं. ओरड झाल्यावर ते थांबलं. 2019 मध्ये मात्र पत्ता अधूनमधून पुन्हा तपासण्याची तरतूद अटींमध्ये आली.

म्हणजे आज तुमचा पत्ता बहुधा चालूनही जाईल, पण विचारणा पुन्हा येऊ शकते. (खरोखर एकत्र राहणाऱ्यांचंही कधी कधी अडतं, ते लिहिण्याच्या फरकामुळे. प्लॅन चालवणाऱ्याने टाकलेला पत्ता आणि सभासदाचा पत्ता जुळावा लागतो. अपार्टमेंट नंबरसकट सारखाच टाकावा.)

पत्ता जुळला नाही तर भावाचं प्रीमियम जातं आणि खातं फुकटच्या प्रकारात येतं. खातं बंद होत नाही, प्लेलिस्ट आणि जतन केलेली गाणी तशीच राहतात. जाहिराती सुरू होतात आणि डाउनलोड केलेली गाणी नेटशिवाय वाजत नाहीत. एक गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास लक्षात येत नाही. फुकटचं खातं परदेशात 14 दिवसच चालतं. डिसेंबरच्या सुट्टीत तो महिनाभर पुण्याला गेला, तर तिसऱ्या आठवड्यात अडकेल. प्रीमियमला ही मुदत नाही. शिवाय डुओ किंवा फॅमिली प्लॅन 12 महिन्यांत एकदाच बदलता येतो, त्यामुळे घाईघाईने कुठल्या तरी मित्राच्या प्लॅनमध्ये शिरला तर वर्षभर दुसरीकडे जाता येणार नाही.

आता हिशेब. तो विद्यार्थी आहे हे तुम्ही दोघंही विसरलात! विद्यार्थ्याचा प्लॅन 2025 मध्ये 5.99 होता. विद्यापीठातल्या प्रवेशाची पडताळणी होते, दरवर्षी नव्याने करावी लागते आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतो. एमएसला तेवढा पुरे. तुमचा एकटीचा 11.99 आणि त्याचा 5.99 मिळून 17.98. डुओपेक्षा 99 सेंट जास्त, वर्षाला 12 डॉलरच्या आत. (सेल्स टॅक्स वेगळा.) एवढ्यासाठी खोटा पत्ता?

खरा फरक तुमच्या दोघांत पडतो. आज प्रत्येकी साडेआठ जातात. उद्या त्याचे अडीच वाचतील आणि तुमचे साडेतीन वाढतील. तो हिशेब भावाबहिणीने आपसांत मिटवावा. तुमच्या घरात रूममेट किंवा नवरा असेल तर तुमची वाढही टळेल: डुओ तुमच्याच नावावर आहे, भाऊ निघाला की मोकळ्या जागेवर त्या व्यक्तीला बोलवा आणि तिने तुमचाच पत्ता टाकावा. त्यांचं आधीपासून वेगळं प्रीमियम असेल तर दोघांचीही बचत होईल.

क्रम मात्र सांभाळा. तुम्ही डुओ रद्द करू नका, केलात तर चालू महिना संपताच दोघंही फुकटात जाल. आधी भावाने विद्यार्थी म्हणून पडताळणी होते का ते पाहावं. होत असेल तर डुओतून बाहेर पडून त्याच खात्यावर तो प्लॅन घ्यावा. नवं खातं उघडायचं नाही, नाहीतर दोन वर्षांच्या प्लेलिस्ट जुन्या खात्यावर राहतील. गाणी पुन्हा डाउनलोड करावी लागली, तर ती विमानतळावर नको, घरच्या वायफायवर करून ठेवा म्हणावं.