डीकेएनंतर शहाळं द्यावं का?

“मुलगा १४ वर्षांचा. डिस्चार्ज कार्डावर ‘पोटॅशियम ३.४, ४८ तासांनी पुन्हा तपासा’ असं आहे. रोज शहाळं दिलं तर तपासणी टाळता येईल?”

नाही, तपासणी कराच. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ आहे, अशी कार्डं रोज बघते. डीकेए म्हणजे मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडून रक्तात आम्ल साचणं; त्यात पोटॅशियम लघवीवाटे जातं, आणि इन्सुलिन उरलेलं रक्तातून पेशींत ढकलतं. म्हणून घरी आल्यावरही ते घसरू शकतं. पाय गळाले, छातीत धडधडलं तर ४८ तास थांबू नका. शहाळ्यात पोटॅशियम असतं, पण साखरही: पेलाभर पाण्यात साधारण ८-१० ग्रॅम कर्बोदकं. ती भाकरीसारखीच इन्सुलिनच्या हिशेबात धरा. शेंगाचटणीत कर्बोदकं कमी, ती बिनधास्त वाढा. मात्र मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा पोटॅशियमचं सिरप चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं नको.