रत्नागिरीत फिजिओथेरपिस्टसाठी एक दिवसाची सशुल्क परिषद घेतोय. अर्ली बर्डची फी आणि शेवटची तारीख कशी ठरवायची?

आम्ही चिपळूणला पहिल्या वर्षी तोट्यात गेलो. खोट अर्ली बर्डमध्येच होती, म्हणून तो हिशेबच सांगतो.

हॉल, साउंड, वक्त्यांचा प्रवास आणि मुक्काम मिळून १,२०,००० रुपये खर्च ठरलेला होता, माणसं कितीही येवोत. नाश्ता, जेवण, चहा आणि किट धरून माणशी ७०० वेगळे. अर्ली बर्ड १,५०० आणि नंतर २,००० अशी फी ठेवली. नोंदणी हलेना म्हणून घाबरून मुदत दोनदा वाढवली. शेवटी १०४ जण आले, त्यातले ८२ अर्ली बर्डवर. जमा १,६७,००० आणि खर्च १,९२,८००. वरचे २५,८०० समितीने खिशातून भरले.

चूक अशी की मनातल्या मनात आम्ही सगळ्यांची फी २,००० धरली होती. खरं तर बहुतेक लोक सर्वांत स्वस्त दरातच येतात, त्यामुळे तोच दर तुमचा मुख्य दर. आधी कमीत कमी किती जण नक्की येतील ते धरा. आमच्या आकड्यांत १०० धरले तर माणशी खर्च १,९०० होतो. मग अर्ली बर्ड १,९०० च ठेवा, नंतर २,३००, आणि ऐनवेळी येणाऱ्याला २,८००. सगळे शंभर जण अर्ली बर्डवर आले तरी पदरचं जात नाही. विद्यार्थ्यांना १,००० ठेवता येतात, कारण त्यांच्यामागे खर्च ७०० चाच वाढतो. फक्त त्यांना त्या शंभरात मोजू नका.

आता तारीख. मुंबईहून येणारा माणूस कोकण रेल्वेचं तिकीट हातात आल्याशिवाय पैसे भरत नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं). म्हणून अर्ली बर्ड परिषदेच्या साधारण ५० दिवस आधी संपवा, म्हणजे तिकीट काढून लगेच नोंदणी करायला दहा दिवस मिळतात. ती तारीख महिनाअखेरीस नको. तुमच्याकडचे बरेच जण हॉस्पिटलात पगारावर असतील, तेव्हा पगार झाल्यावरची, आठ-दहा तारखेच्या आसपासची बघा. गणपतीत तर मुळीच नको, तेव्हा कुणी मेसेज उघडतसुद्धा नाही.

मुदत मात्र वाढवू नका. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी लोक सरळ म्हणायचे, "थांबा हो, वाढवतीलच." त्या वर्षी आम्ही वाढवली नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत ३१ नोंदण्या आल्या. फॉर्मवर पण स्पष्ट लिहा की दर पैसे जमा झाल्याच्या तारखेचा लागेल, फॉर्म भरल्याच्या नाही. नाहीतर फॉर्म मुदतीत भरून पैसे महिन्याने पाठवणारे दहा-बारा जण जुन्या दरासाठी भांडत बसतात.