मागणी दरमहा वाढतेय, स्टॉकचा अंदाज कसा काढू?

"विक्री दर महिन्याला वाढतेय, साध्या स्मूदिंगचा अंदाज कायम कमी पडतो. तीन महिन्यांचा माल किती मागवू?"

डबल एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग, म्हणजे होल्टची पद्धत वापरा. त्यात पातळी आणि वाढ वेगवेगळी सांभाळतात. साधं स्मूदिंग वाढीला α ने, म्हणजे पातळी काढताना नव्या आकड्याला दिलेल्या वजनाने, भागून येईल तितकं मागे राहतं: वाढ 10, α 0.4 असेल तर 25 नग.

समजा पातळी 200, वाढ 10, आणि वाढीसाठीचं तसंच वजन β 0.2. अंदाज 210 होता, मागणी आली 220.

- पातळी: 210 + 0.4×10 = 214
- वाढ: 0.2×(214−200) + 0.8×10 = 10.8

पुढचे तीन महिने 224.8, 235.6, 246.4, एकूण सुमारे 707 नग. यात सेफ्टी स्टॉक धरलेला नाही, तो वेगळा. मात्र माल संपलेल्या महिन्यात विक्रीचा आकडा घालू नका, खरी मागणी घाला. नाहीतर वाढ खोटीच मंदावलेली दिसते.