λ १ पेक्षा मोठा, तरी संख्या घटते?

प्रश्न: अभ्यासासाठी तीन वर्षं जगणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याची लेस्ली मॅट्रिक्स दिली आहे (फक्त माद्या). पहिली ओळ, म्हणजे वयोगटानुसार दर मादीमागे मुली: ०, १, २. जगण्याचं प्रमाण ०.५ आणि ०.६. पायथनमध्ये सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू, म्हणजे λ, १.०३८ आली, म्हणजे संख्या वाढायला हवी. पण १०० पिल्लांपासून सुरुवात केली तर पुढच्याच वर्षी ५० उरतात, आणि पुन्हा १०० व्हायला दहा वर्षं लागतात. शिवाय आयगेनव्हेक्टरमधले आकडे ऋण येतात. कुठे चुकतंय?

उत्तर:

गणित बरोबर आहे. तुम्ही λ कडून पुढच्या वर्षाचं भाकीत मागताय, ते तो देत नाही. माद्यांची वयोगटांत विभागणी एका ठरावीक प्रमाणात झाली, तरच एकूण संख्या दरवर्षी λ पट होते. ते स्थिर प्रमाण आयगेनव्हेक्टरमध्ये असतं. तुम्ही सुरुवातीला सगळ्या माद्या पहिल्या गटात टाकल्या, आणि हा गट प्रजननच करत नाही. पहिल्या वर्षी नवा जन्म शून्य, जुन्यांतल्या निम्म्या गेल्या, म्हणून ५०.

ऋण आकड्यांची भानगड किरकोळ आहे. आयगेनव्हेक्टरला कुठल्याही संख्येने गुणलं, अगदी −१ ने, तरी तो आयगेनव्हेक्टरच राहतो. numpy त्याची लांबी १ करून देतं, चिन्हाची हमी देत नाही. बेरजेने भागलं की प्रमाण हातात येतं:

```python
import numpy as np
A = np.array([[0, 1, 2], [0.5, 0, 0], [0, 0.6, 0]])
vals, vecs = np.linalg.eig(A)
i = np.argmax(vals.real)
w = vecs[:, i].real
print(vals[i].real, w / w.sum())
```

उत्तर साधारण ०.५६८, ०.२७४, ०.१५८ असं येईल. हे हातानेही काढता येतं, आणि एकदा काढून बघाच, कारण त्यात अर्थ उघड दिसतो. पहिल्या गटाला १ धरा. आज दुसऱ्या गटात असलेल्या माद्या गेल्या वर्षी पहिल्या गटात होत्या. तेव्हा तो गट आजच्यापेक्षा λ पटीने लहान होता, आणि त्यातल्या निम्म्याच जगल्या. म्हणून दुसरा गट ०.५/λ, म्हणजे ०.४८२. तसाच तिसरा ०.३/λ², म्हणजे ०.२७८. वाढत्या संख्येत तरुणांचा भरणा जास्त असतो, त्याचं कारण हा λ ने होणारा भागाकार.

आता तुमच्या १०० माद्यांचं काय होतं ते बघू. एकूण संख्या वर्षागणिक अशी जाते: १००, ५०, ८०, ८५, ७०, ९०.५, ८६, ८७.३, ९७.३, ९५.२, १०१. हे हेलकावे बाकीच्या दोन आयगेनव्हॅल्यूंमुळे येतात. त्या काल्पनिक भाग असलेल्या संख्या आहेत, −०.५१९ ± ०.५५५i, आणि त्यांचं परिमाण ०.७६. त्याला १.०३८ ने भागलं की ०.७३ मिळतं. म्हणजे λ च्या वाढीच्या तुलनेत हेलकाव्यांचा जोर दरवर्षी ७३ टक्क्यांवर येतो आणि दहा वर्षांत ४-५ टक्केच उरतो. दहाव्या वर्षाचं वयोगटांचं प्रमाण काढा: ५६.६, २५.५, १७.९ टक्के. स्थिर प्रमाणाच्या बरंच जवळ आलंय.

पण हेलकावे विरल्यावरसुद्धा सुरुवातीची तूट भरून निघत नाही, आणि ही गोष्ट शिकवताना बहुतेकदा सुटते. तुमच्या १०० माद्या भविष्याच्या हिशेबात १०० नाहीतच. त्यासाठी मॅट्रिक्सचा डावा आयगेनव्हेक्टर (`A.T` चा) काढा. त्याला प्रजननमूल्य म्हणतात. पहिल्या गटातल्या मादीला १ धरलं तर दुसऱ्या गटातल्या मादीचं मूल्य २.०८ आणि तिसऱ्या गटातलीचं १.९३ येतं. स्थिर प्रमाणातल्या संख्येत एका मादीचं सरासरी मूल्य १.४४ असतं. तुमच्या सगळ्या माद्या मूल्य १ च्या, म्हणून त्या १००/१.४४, म्हणजे स्थिर प्रमाणातल्या सुमारे ६९.४ माद्यांइतक्याच. पडताळा घ्या: ६९.४ ला १.०३८२ च्या दहाव्या घाताने गुणलं की १०१ येतात. उलट सुरुवातीला १०० माद्या दुसऱ्या गटातल्या घेतल्या असत्या, तर पुढच्या सगळ्या वर्षांचा आलेख सरतेशेवटी दुप्पट उंचीवर गेला असता; λ मात्र तोच.

हेलकावे दर वेळी विरतातच असं नाही. १९४१ मध्ये बर्नार्डेली यांनी रंगूनच्या बर्मा रिसर्च सोसायटीच्या नियतकालिकात एका काल्पनिक किड्याचं उदाहरण दिलं. तो तिसऱ्या वर्षीच प्रजनन करतो: पहिली ओळ ०, ०, ६ आणि जगण्याचं प्रमाण १/२, १/३. λ बरोबर १ येतो, पण १०० किडे ५०, मग १६.७, मग पुन्हा १०० असे फिरत राहतात, कधीच स्थिरावत नाहीत. तुमच्या मॅट्रिक्समध्ये दुसरा आणि तिसरा असे लागोपाठचे दोन्ही गट प्रजनन करतात, म्हणून हा फेरा तुटतो. (या मॅट्रिक्सला लेस्लींचं नाव मिळालं ते त्यांच्या १९४५ च्या ऑक्सफर्डमधल्या लेखामुळे. त्याआधी १९४२ मध्ये लुइस यांनी हीच मांडणी कलकत्त्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात केली होती.)

एका गोष्टीकडे मात्र नीट बघा, कारण खरी गफलत झाली असेल तर तिथे. तुम्ही पहिल्या गटाला ‘पिल्लं’ म्हणताय. पण तिसऱ्या गटातली मादी पुढच्या वर्षापर्यंत जगतच नाही, तरी पुढच्या वर्षीच्या पहिल्या गटात तिच्या २ मुली मोजल्या जातात. वीण वर्षभर न होता ठरावीक हंगामातच होत असेल, तर हे जमतं ते एकाच परिस्थितीत: मोजणी विणीच्या हंगामाच्या अगदी आधी होते. मोजणी झाली, मादी व्यायली, मग मेली. म्हणजे पहिल्या गटात नुकती जन्मलेली पिल्लं नसून जवळजवळ वर्षाची झालेली आहेत, आणि पहिल्या ओळीतल्या १ आणि २ मध्ये त्या पहिल्या वर्षीची मरही धरलेली असायला हवी.

तुमच्याकडचे १ आणि २ हे आकडे जन्मलेल्या मुलींचे असतील आणि त्यांतल्या समजा निम्म्याच वर्षभर टिकत असतील, तर ओळ ०, ०.५, १ अशी होते. λ काढायचं समीकरण λ³ = ०.२५λ + ०.३, आणि λ सुमारे ०.७९. वर्षाला जवळजवळ ४ टक्के वाढीऐवजी २१ टक्के घट! स्थिर प्रमाणही बदलून ४७, ३०, २३ टक्के होतं. खालच्या दोन ओळींना आपण हात लावलेला नाही, तरी वयस्क माद्यांचा वाटा वाढला, कारण आता भागाकार १ पेक्षा लहान λ ने होतोय. तेव्हा ज्यांनी मॅट्रिक्स दिली त्यांना आधी एवढंच विचारा, की हे २ जन्मलेले की वर्षभर टिकलेले.