अनोळखी नंबरला ‘आला होतात’ म्हणावं की ‘आल्या होतात’?

प्रश्न: नौपाड्यातल्या एका क्लिनिकच्या चॅटवर मी आणि माझा एक सहकारी आळीपाळीने उत्तरं देतो. समोर नुसता नंबर असतो, नाहीतर ‘के. पाटील’, ‘किरण’ असं काहीतरी. पहिला मेसेज सेव्ह करून ठेवलाय : ‘नमस्कार सर/मॅडम, मी तुमची काय मदत करू शकते? तुम्ही आधी आमच्याकडे आला होतात का?’ सहकाऱ्याने पाठवला की ‘शकते’ विचित्र दिसतं, आणि परवा एका बाईंनी ‘होतात ठीक आहे, पण आला नाही, आल्या’ असं सुनावलं. सगळीकडे ‘शकतो/शकते’ अशी तिरकी रेघ मारून टाकू का?

उत्तर: रेघ नको हो. ती दिसली की चॅट वाटतच नाही, तहसील कार्यालयातला अर्ज वाटतो, नको ते खोडा. आणि मराठीत त्याची गरजही नाही, कारण आपलं क्रियापद दर वेळी माणसाकडेच बघतं असं नाही, बऱ्याचदा ते वस्तूकडे बघतं आणि कधीकधी कुणाकडेच बघत नाही. तेवढं ओळखता आलं की काम झालं.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुमच्या त्या मेसेजमध्ये दोन माणसं आहेत, ‘मी’ आणि ‘तुम्ही’, आणि दोघांची भानगड वेगवेगळी आहे. लोकांना वाटतं समोरच्याचं लिंग माहीत नाही हा प्रॉब्लेम, पण तुमच्याकडे जास्त त्रास ‘मी’चाच आहे कारण एकाच अकाउंटवरून तुम्हीही बोलता आणि सहकारीही.

‘तुम्ही’ खरंतर बऱ्यापैकी सोपं आहे. तू म्हटलं की लगेच अडकतं, तू येतोस की येतेस, आलास की आलीस. तेच तुम्ही म्हटलं की येता, याल, येत आहात, येणार आहात, आलात, सगळं बाईला आणि पुरुषाला सारखंच. म्हणजे ‘तुम्ही कुठून आलात?’ किंवा ‘रिपोर्ट कधी आणलात?’ बिनधास्त विचारा. काही घरांत बाईमाणसाला ‘कधी आल्यात?’ असं खास म्हणतात, पण ‘आलात’ ऐकून कुणी दुखावलं जात नाही.

पण या ‘आलात’मधला शेवटचा त जपा. हल्ली इकडे ठाणे-मुंबईच्या बोलण्यात तो सर्रास गळतो, ‘तुम्ही कधी आले?’, ‘तुम्ही कुठे गेले?’ असं ऐकू येतं, आणि त गळला की झाकलेलं लिंग परत उघडं पडतं, कारण मग बाईला ‘आल्या’, ‘गेल्या’ म्हणावं लागतं. बोलताना चालून जातं, समोर माणूस दिसत असतो, पण अनोळखी नंबरला टाइप करताना तो त म्हणजे फुकटची सोय आहे, ती का घालवायची?

‘तुम्ही’ची खरी फसगत होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे तुमचं हे ‘आला होतात’. इथे ‘होतात’ दोघांना चालतं पण पुढचं ‘आला’ बाईला ‘आल्या’ होतं, त्या बाईंनी अगदी नेमकं बोट ठेवलं. दुसरं म्हणजे माणसाला चिकटणारी विशेषणं, कसे-कशा, एकटे-एकट्या, मोकळे-मोकळ्या. सगळी विशेषणं अशी नसतात हं, ‘तयार’, ‘हजर’, ‘नवीन’ ही बदलत नाहीत, त्यामुळे ‘तुम्ही नवीन पेशंट आहात का?’ एकदम सेफ आहे. पण ‘कसे आहात’ नाही.

मग करायचं काय, तर माणसाला कर्त्याच्या खुर्चीवरून उठवायचं. ‘तुम्ही कसे आहात?’च्या जागी ‘आता कसं वाटतंय?’, इथे वाटतंय हे ‘कसं’शी जुळतं, माणसाशी नाही. ‘एकटे येणार का?’च्या जागी ‘सोबत कुणी असेल का?’. ‘मोकळे आहात का?’च्या जागी ‘आत्ता बोलायला वेळ आहे का?’. आणि ‘आधी आला होतात का?’च्या जागी आपली जुनी ठेवणीतली ‘याआधी आमच्याकडे येणं झालंय का?’. झालं हे क्रियापद इथे ‘येणं’कडे बघतंय आणि ‘येणं’ नपुंसक, म्हणजे कुणाचाच प्रश्न नाही. शिवाय ऐकायलाही किती घरगुती, आजी-आजोबा असंच बोलायचे, ‘बऱ्याच दिवसांनी येणं झालं’. हे ओढूनताणून केलेलं भाषांतर नाही, भाषेत आधीपासून आहे.

‘तुम्हाला’ने सुरू होणारी वाक्यं पण अशीच कामाची. तुम्हाला त्रास कधीपासून होतोय, तुम्हाला कुठली वेळ चालेल, तुम्हाला कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय. पहिल्यात ‘होतोय’ हे त्रासाचं, ‘चालेल’ वेळेचं, माणूस फक्त ‘ला’ लावून बाजूला बसलाय. ‘पाहिजे’ तर लिंगाप्रमाणे कधी बदलतच नाही, आणि ‘हवा-हवी-हवं’ बदलतं पण वस्तूप्रमाणे, अपॉइंटमेंट हवी, फॉर्म हवा.

आता ‘मी’. वर्तमानकाळातला ‘त’ मुळात विशेषणासारखा, म्हणूनच त्याला बोलणाऱ्याचं लिंग चिकटतं, करतो, करते. भविष्यकाळाला ते नाही, ‘मी करेन’ दोघंही म्हणतात. म्हणून ‘करू शकते’चं ‘करू शकेन’ केलं तरी भागतं. आणि ‘करू?’ हे प्रश्नार्थक रूप तर अजून बरं, ‘पाठवू का?’, ‘बघून सांगू का?’, यात लिंग नाही आणि वर परवानगी मागितल्याचा मोकळेपणा येतो. ‘मी चेक करतोय/करतेय’ नको असेल तर ‘चेक करत आहे’ लिहा, थोडं छापील वाटतं, पण चॅटमध्ये खपतं. आणि तुम्ही क्लिनिकतर्फे बोलताय ना, मग ‘आम्ही’ वापरायला काय हरकत आहे, ‘आम्ही रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठवतो’, हे बायकाही असंच म्हणतात, आम्ही पाठवते असं कुणी म्हणत नाही.

(जाता जाता, इथवर वाचून मी बाई की बुवा ते सांगता येतंय का बघा.)

‘आम्ही’ चालेल पण समोरच्याला उगाच ‘आपण’ करू नका. आपण म्हणजे मानाचं तुम्हीही आणि तुम्ही-आम्ही मिळूनही, त्यामुळे ‘आपण उद्या फोन करूया’ वाचून पेशंट वाट बघत बसायचा की फोन नक्की कोणी करायचाय. आणि ‘आपण कसे आहात’ म्हटलं तर लिंगाचा घोळ तिथेच राहतो, नुसता मान वाढतो.

अजून एक, तुमच्या मेसेजमधली ‘तुमची मदत’. लिंगाशी याचा संबंध नाही पण खटकलंच, म्हणून. ‘तुमची मदत’ म्हणजे तुम्ही केलेली मदत, ‘तुमची फार मदत झाली’ असं आपण आभार मानताना म्हणतो. द्यायची असेल तर ‘तुम्हाला मदत’. ‘तुमची मदत करू’ हे हिंदीतल्या ‘आपकी मदद’वरून आलंय, बोलण्यात रुळलंय खरं, पण क्लिनिकच्या सेव्ह केलेल्या मेसेजमध्ये नको.

‘सर/मॅडम’ ही पण रेघच. नुसतं ‘नमस्कार’ पुरतं, नाव दिसत असेल तर ‘नमस्कार, किरणजी’. किरण, शीतल ही नावं तर मुलग्यांचीही असतात आणि मुलींचीही, त्यावरून अंदाज लावूच नका. आणि मदतीची ऑफर तरी इतकी वळणावळणाने कशाला? नौपाड्यातल्या कुठल्याही जुन्या दुकानात शिरा, काउंटरमागून एकच शब्द येतो, ‘बोला!’. त्यात मी नाही, लिंग नाही, मदत हा शब्दही नाही, आणि तरी सगळं कळतं. मेसेजमध्ये एकटं ‘बोला’ जरा तुटक वाटेल, म्हणून :

‘नमस्कार. बोला, काय मदत करू? याआधी आमच्याकडे येणं झालंय का? अपॉइंटमेंट कुणासाठी हवी आहे?’

हा मेसेज तुम्ही पाठवा नाहीतर सहकाऱ्याने, आणि समोर कुणीही असो, एक अक्षर बदलायला नको. शेवटचं ‘कुणासाठी’ मुद्दाम घातलंय, कारण फोन मुलाचा आणि पेशंट त्याची आई असं किती वेळा होत असेल तुमच्याकडे. मग उत्तर येतं ‘आईसाठी’, आणि तुम्हाला पेशंट बाई आहे एवढं कळतं, पण टाइप करणारा मुलगा की मुलगी ते अजूनही माहीत नसतंच. तिथे पुढे ‘त्यांना त्रास कधीपासून आहे?’, ‘त्यांना घेऊन कधी येऊ शकाल?’ असं चालू ठेवायचं. ‘शकाल’, भविष्यकाळ, परत सुटका.

फोनवर असाल तर एक वेगळी गंमत आहे, ‘कोण बोलतंय?’. बोलतोय नाही, बोलतेय नाही, नपुंसक. दारावर बेल वाजली तरी आपण ‘कोण आलंय बघ’ म्हणतो. म्हणजे माणूस अजून कळलेला नसेल तर मराठी आपसूक नपुंसकाकडे वळते. पण हे ‘कोण’, ‘कुणीतरी’ यांच्यापुरतंच. समोरच्याला थेट ‘तू कधी आलंस?’ म्हणायचं तर ते पाळण्यातलं बाळ असावं लागतं, के. पाटलांना म्हणालात तर अपॉइंटमेंट गेलीच समजा.

समोरच्याने स्वतःच ‘मी मागच्या महिन्यात आले होते’ लिहिलं तर अर्थात त्यांचं रूप उचला, मग ‘आल्या होतात तेव्हा कुठल्या डॉक्टरांना दाखवलं होतं?’ असं खुशाल विचारा, उलट तेव्हा मुद्दाम तटस्थ राहिलं तर कोरडं वाटतं. फक्त ‘आले’वर जेवढा भरवसा तेवढा ‘येतो’वर ठेवू नका. आमच्या शेजारी कळव्यात एक काकू राहतात, मूळच्या कोल्हापूरच्या, चाळीस वर्षं इथे काढली तरी दारातून निघताना ‘बरं, येतो मी’ असंच म्हणतात, तिकडे बायकांची ती रीतच आहे. त्यांनी तुम्हाला ‘उद्या अकराला येतो’ असा मेसेज टाकला आणि तुम्ही ‘ओके सर’ लिहिलंत, तर अकराला काउंटरवर काय ऐकून घ्यावं लागेल ते मी इथे लिहीत नाही.