जुनी झोपेची गोळी थांबवून नवी सुरू करताना: समुपदेशनातील एक अनुभव

प्रश्न: आईचे वय ६३. गेली दहा वर्षे ती झोपेसाठी क्लोनाझेपाम घेते. नवे डॉक्टर म्हणतात, ती हळूहळू कमी करू आणि डिप्रेशनच्या गोळीचा अगदी छोटा डोस देऊ. आईला डिप्रेशन नाही, मग ती गोळी कशाला? परदेशात राहणारी मावशी म्हणते की हल्ली सवय न लागणारी नवी गोळी निघाली आहे, जुनी बंद करून तीच सुरू करा. आम्ही काय करावे?

तुमच्या मावशींनी सुचवलेला मार्ग माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी प्रत्यक्ष चोखाळला होता. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून तो अनुभव सांगते, कारण तुमच्या दोन्ही शंकांचे उत्तर त्यात आहे. मी समुपदेशक आहे, औषधे लिहून देत नाही. पुढे औषधांविषयी जे लिहिले आहे, ते काकूंच्या मनोविकारतज्ज्ञांच्या निर्णयांना धरून आहे.

काकू पुण्याच्या, निवृत्त शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी काकांच्या आजारपणात त्यांची झोप उडाली, तेव्हा काही आठवड्यांसाठी म्हणून ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम सुरू झाले. काका बरे झाले, पण गोळी तशीच चालू राहिली. भारतात या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात आणि विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवायची असते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळी मिळवणारी माणसे मला नेहमी भेटतात, आणि काकू त्यांपैकीच एक होत्या.

मागच्या वर्षी त्या मुलीकडे न्यू जर्सीला गेल्या. तेथील डॉक्टरांनी त्यांना लेम्बोरेक्झंट ५ मिलिग्रॅम लिहून दिले. क्लोनाझेपाम रोज चालू असल्याचे मायलेकींनी डॉक्टरांना सांगितले नाही, कारण ‘ते आता बंदच करायचे आहे’ असे त्यांनी घरी ठरवून टाकले होते. त्या रात्रीपासून जुनी गोळी बंद झाली आणि नवी सुरू झाली. पहिल्या दोन रात्री काकू छान झोपल्या. तिसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी हात कापू लागले, अंगाला दरदरून घाम येऊ लागला, भांड्याचा साधा आवाजही सहन होईना. ‘नवी गोळी दोनच दिवस लागू पडली, आता डोस दुप्पट करू का?’ असे विचारायला मुलीने मला फोन केला.

नवी गोळी तिचे काम करतच होती, पण चाललेला प्रकार तिच्या हातातला नव्हता. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या जुन्या गोळ्या मेंदूतील गाबा या रसायनाचा परिणाम वाढवतात. गाबा मेंदूला शांत करणारे रसायन आहे, आणि ते जवळजवळ सगळीकडे काम करते. म्हणूनच या गोळ्यांनी झोप येते, तसाच तोलही जातो, आठवण पुसट होते आणि स्नायू ढिले पडतात. वर्षानुवर्षे रोज असा दाब पडत राहिला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. मग गोळी एकाएकी काढली की ती वाढवलेली उत्तेजना मोकळी सुटते. थरथर, घाम, घबराट आणि निद्रानाश ही तिची लक्षणे आहेत, आणि क्वचित झटकेही येतात. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश जाते; निम्मे बाहेर पडायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. त्यामुळे पहिल्या दोन रात्री रक्तात उरलेल्या जुन्या गोळीने काकूंना सांभाळले होते, आणि श्रेय मात्र नव्या गोळीला मिळाले होते.

लेम्बोरेक्झंटची वाट निराळी आहे. ऑरेक्झिन हे जागे ठेवणारे रसायन मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील मोजक्या पेशी तयार करतात. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला, आणि ज्यांच्या मेंदूत या पेशी नष्ट होतात त्यांना दिवसाढवळ्या झोपेचे झटके येणारा नार्कोलेप्सी हा आजार होतो, हे पुढे कळले. सुवोरेक्झंट, लेम्बोरेक्झंट आणि डॅरिडोरेक्झंट ही औषधे ऑरेक्झिनचा जागे राहण्याचा निरोप तेवढा अडवतात. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २०१४, २०१९ आणि २०२२ मध्ये मान्यता मिळाली. वर्षभर चाललेल्या चाचण्यांमध्ये ती थांबवल्यावर जुन्या गोळ्यांसारखी माघारीची लक्षणे ठळकपणे दिसली नाहीत. ‘सवय लागत नाही’ असे मावशी म्हणतात त्याचा आधार हा आहे. मात्र गैरवापराची काही शक्यता धरून अमेरिकेत या गोळ्यासुद्धा नियंत्रित औषधांच्या यादीतच आहेत.

आता यातील कळीची गोष्ट पाहा. नवी गोळी गाबाला हातच लावत नाही, म्हणून गाबाची गोळी काढल्याने पडलेली उणीव तिला भरून काढता येत नाही. छोट्या डोसातल्या डिप्रेशनच्या गोळीचेही असेच आहे. जुनी गोळी आपल्याच गतीने उतरवावी लागते. नवी गोळी शेजारी असली म्हणून ती गती वाढत नाही.

मी मुलीला डोस वाढवू नका म्हणाले, आणि क्लोनाझेपामची सगळी हकीकत सांगून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला सांगितले. डॉक्टरांनी जुना डोस पुन्हा सुरू केला, लेम्बोरेक्झंट थांबवले, आणि दोन दिवसांत थरथर ओसरली.

पुण्याला परतल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी उतरणीचे वेळापत्रक आखले. आधी ०.२५ च्या दीड गोळीवर चार आठवडे, मग एका गोळीवर, मग अर्ध्या गोळीवर. एका गोळीवर असताना घरात लग्नकार्य निघाले, काकूंची धडधड वाढली, तेव्हा डॉक्टरांनी पुढची पायरी तीन आठवडे लांबवली. शेवटच्या अर्ध्या गोळीवर सहा आठवडे गेले. आकडा दिसायला लहान असला तरी अर्ध्या गोळीवरून शून्यावर येणे सर्वांत अवघड असते. सगळे मिळून सुमारे चार महिने लागले.

त्याच काळात माझे काम झोपेच्या नोंदवहीवर चालू होते. काकू साडेनऊला अंथरुणावर पडत आणि साडेसहाला उठत. त्या नऊ तासांत झोप जेमतेम साडेपाच तासांची होती. आम्ही अंथरुणातला वेळ रात्री ११ ते पहाटे ५.३० एवढाच ठेवला आणि दुपारची डुलकी बंद केली. पहिले दोन आठवडे काकू माझ्यावर रागावलेल्याच होत्या. मग झोप सलग होऊ लागली, आणि वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत आम्ही १०.३० ला टेकण्यापर्यंत आणला. जुनी गोळी सुटली तेव्हा झोप चटकन लागत होती, पण आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे तीनला जाग येई आणि नंतर झोप लागत नसे.

तुमचा डिप्रेशनच्या गोळीविषयीचा प्रश्न इथे येतो. त्या औषधांचे काम डोसाप्रमाणे बदलते. डॉक्सेपिन नैराश्यासाठी ७५ मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक लागते. झोपेसाठी ते ३ किंवा ६ मिलिग्रॅम दिले जाते. इतक्या थोड्या मात्रेत ते मुख्यतः हिस्टामिन या जागे ठेवणाऱ्या दुसऱ्या एका रसायनाला अडवते, मनःस्थितीवर काम करण्याएवढे ते नसतेच. झोप लवकर लागण्यापेक्षा पहाटेची जाग टळण्यासाठी त्याचा उपयोग अधिक होतो. आपल्याकडे अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅम किंवा ट्रॅझोडोन २५ ते ५० मिलिग्रॅमही याच हेतूने लिहिले जाते. तेव्हा चिठ्ठीवर ते नाव दिसले म्हणजे आईला डिप्रेशन ठरवले, असे मुळीच नाही.

पण ‘छोटा डोस’ म्हणजे सर्वांना निर्धोक, असाही अर्थ नाही. काकूंच्या डोळ्यांचा कोन अरुंद होता आणि काचबिंदूचा धोका होता, त्यामुळे अमिट्रिप्टिलिन आणि डॉक्सेपिन दोन्ही बाद झाली. अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते, आणि उतारवयात स्मरणावरही परिणाम होतो. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढते, आणि काकूंना मधुमेह आहे. ट्रॅझोडोनने उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. काकू रक्तदाबाची गोळी घेतात आणि रात्री दोनदा बाथरूमला उठतात. डॉक्टरांनी ही नावे एकेक करून बाजूला सारली तेव्हा मी तिथेच बसले होते, आणि अशी चिकित्सा प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला यावी असे मला फार वाटले. तुमच्या आईच्या डॉक्टरांना डोळे, लघवी, हृदय, वजन आणि रात्रीचे उठणे या पाच गोष्टी न विचारता सांगून टाका.

अखेर काकूंसाठी लेम्बोरेक्झंट ५ मिलिग्रॅमच पुन्हा निवडले गेले, या वेळी रिकाम्या मैदानावर. उठायला किमान सात तास शिल्लक असतील तरच घ्यायचे, म्हणून वेळ साडेदहाची. जड जेवणानंतर लगेच घेतल्यास परिणाम उशिरा होतो, म्हणून जेवण आठला. डिल्टियाझेम, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरील काही गोळ्यांसोबत हे औषध शरीरात साठते, म्हणून कोणतीही नवी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. पहाटे जाग आली, दाराशी कोणी उभे दिसले, आणि हातपाय हलवता येईनात. मिनिटभरात सारे निवळले, पण त्यांना बाहेरचे काही तरी लागले अशी धास्ती बसली होती. स्वप्नाच्या झोपेत शरीर तसेही निश्चल असते. ऑरेक्झिन अडवले की जाग आणि स्वप्न यांच्यातली सीमा कधीकधी पुसट होते, आणि नार्कोलेप्सीच्या रुग्णांना हाच अनुभव येतो. हे समजावल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनाही कळवले. दिवसा पायांतले बळ एकाएकी जाणे किंवा गाडी चालवताना पेंग येणे असे काही नव्हते, म्हणून डोस तसाच ठेवला. तो प्रकार पुन्हा झाला नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ती गोळी एका रात्रीत थांबवायला सांगितली. काकू आदल्या दिवशी मला म्हणाल्या, “तिसऱ्या रात्रीची भीती वाटते गं.” मी त्यांना वहीत फक्त लिहीत जायला सांगितले. त्यांनी लिहिले ते असे: पहिली रात्र, ३.४० ला जाग, ४.१५ ला परत झोप. दुसरी रात्र, तेच. तिसरी रात्र, ५.१० ला जाग आली, उठले, चहा केला.