आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा

प्रश्न: मी उदगीर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे. टेलिग्रामवर एका फ्री टिप्सच्या ग्रुपवर लागोपाठ पाच कॉल बरोबर आले म्हणून त्यांच्या व्हाट्सॲपच्या व्हीआयपी ग्रुपला गेलो. त्यांनी लिंक पाठवून ॲप घ्यायला लावलं, इन्स्टिट्यूशनल अकाउंट उघडून दिलं. तीन महिन्यांत चार लाख भरले, आता ॲपवर 11 लाख 40 हजार दिसायलेत. मधी 15 हजार काढून बघितले तर लगेच पगाराच्या खात्यावर आले. आता सगळे काढायचे तर नफ्यावर 15 टक्के टॅक्स, म्हणजे 1 लाख 11 हजार, शुक्रवारपर्यंत आधी भरा म्हणतात. त्यांचं सेबीचं सर्टिफिकेट आहे, नंबर INH ने सुरू होतो. मुलगी लातूरला नीटची तयारी करते, तिच्या नावची एफडी मोडू का बायकोचं सोनं ठेवून लोन घेऊ? कशात नुकसान कमी? शाळेतले दोन सर पण माझ्यामुळं ग्रुपला आलेत.

उत्तर: गुरुजी, एफडी पण मोडू नका आणि सोनं पण ठेवू नका. एक रुपया भरू नका. ॲपवर दिसतात ते 11 लाख 40 हजार कुठंच नाहीत, तो नुसता आकडा आहे आणि तो त्यांनीच टाईप केलेला आहे. तुमचे चार लाख ज्या दिवशी भरले त्याच दिवशी पुढं गेलेत. कडू आहे पण आज नाही सांगितलं तर शुक्रवारी पाच लाख होतील, आणि टॅक्स भरला की लगेच "सिक्युरिटी डिपॉझिट" निघेल, मग "अकाउंट अनफ्रीझ चार्ज", तुमच्याकडचं संपेपर्यंत काही ना काही निघतच राहील.

टॅक्सचंच बघा. शेअरच्या नफ्यावरचा टॅक्स आपण आपल्या पॅनवर इन्कम टॅक्स खात्याला भरतो, तुमच्याआमच्यासारख्या इथं राहणाऱ्या माणसाकडून ब्रोकर तो मागत नाही, आणि पैसे काढायच्या आधी तर कुणीच मागत नाही. शॉर्ट टर्मचा दर पण जुलै 2024 पासून 20 टक्के आहे, ह्यांनी अजून जुनाच 15 धरलाय. आणि खात्यावर अकरा लाख असतील तर त्यातूनच कापून घ्या म्हणा की! हे एकदा म्हणून बघितलं असतं तर "सिस्टीममध्ये तसं होत नाही" असलं काहीतरी उत्तर आलं असतं.

आता नफ्याचा हिशोब. तीन महिन्यांत चाराचे साडेअकरा म्हणजे जवळजवळ तिप्पट. ह्याच वेगानं वर्षात तुमचे चार लाख अडीच कोटीच्या वर जातात आणि दोन वर्षांत पावणेदोनशे कोटीच्या आसपास. ज्याच्या हाताला एवढा गुण आहे तो उदगीरच्या मास्तरांना मेसेज करत कशाला बसेल?

ते पाच कॉल बरोबर कसे आले हे सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. समजा एकानं 32 ग्रुप काढले, प्रत्येकात अडीचशे माणसं. पहिल्या दिवशी 16 ग्रुपला सांगितलं निफ्टी वर जाणार, 16 ला सांगितलं खाली येणार. संध्याकाळी 16 बरोबर निघाले, चुकीचे 16 सोडून दिले. दुसऱ्या दिवशी त्या 16 चे आठ-आठ, मग चार, मग दोन, आणि पाचव्या दिवशी एक ग्रुप असा उरतो की ज्याला पाचही कॉल बरोबर दिसलेत, त्या अडीचशे लोकांना वाटतं हा माणूस देव आहे. बाजाराचं काडीचं ज्ञान लागत नाही ह्याला. एवढे कष्ट न करणारे चुकलेला मेसेज नुसता डिलीट करतात. तुमच्या ग्रुपवर नेमकं काय झालं मला माहीत नाही, पण पाच बरोबर कॉल हा पुरावा धरायचा नाही. आणि व्हीआयपी ग्रुपवर रोज "थँक्यू सर, आज 40 हजार प्रॉफिट" टाकणारे बहुतेक त्यांचेच नंबर असतात.

सर्टिफिकेटचं ऐका, कारण इथं शिकलेली माणसं पण फसायलीत. INH हा रिसर्च ॲनालिस्टचा नंबर असतो. ब्रोकरचा INZ ने सुरू होतो. रिसर्च ॲनालिस्ट सल्ला देऊन फी घेऊ शकतो, पण गुंतवायला तुमचे पैसे घेऊ शकत नाही आणि परताव्याची गॅरंटी तर देऊच शकत नाही. म्हणजे सर्टिफिकेट खरं निघालं तरी चार लाख घ्यायचा अधिकार त्यात नाहीच. बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कुण्या खऱ्या माणसाचं उचललेलं असतं. sebi.gov.in वर नोंदणी झालेल्यांची यादी आहे, तिथं तो नंबर टाका आणि तिथं दिलेल्या फोनवर विचारा, सर्टिफिकेटवरच्या फोनवर नाही. इन्स्टिट्यूशनल अकाउंट ही पण थापच, तसलं खातं साध्या माणसाला मिळत नाही.

मला खरं तर राग ह्याचा आला की तीन महिन्यांत तुम्ही दोन गोष्टी बघितल्या नाहीत. खरा सौदा झाला की एक्स्चेंजचा मेसेज किंवा मेल येतो, ब्रोकरकडून 24 तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट येते, आणि आपले शेअर जिथं जमा राहतात त्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या स्टेटमेंटमध्ये ते दिसतात. तुम्हाला ह्यातलं काही आलं का? आणि पैसे कुणाच्या नावावर पाठवले? पासबुक काढून बघा, दर वेळी वेगळं खातं असेल, कुठं ट्रेडर्स, कुठं एंटरप्रायझेस, कुठं नुसतं एखाद्या माणसाचं नाव. खरा ब्रोकर स्वतःच्याच नावच्या खात्यावर घेतो. सेबीनं आता नोंदणी झालेल्या ब्रोकरांसाठी @valid असलेले यूपीआय आयडी पण सुरू केलेत, पुढं कधी भरायची वेळ आली तर ते बघून भरा.

आज करायचं ते असं. आधी सगळ्या चॅटचे, ॲपचे आणि त्यांच्या नंबरांचे स्क्रीनशॉट काढा, ग्रुपमधून बाहेर पडायची घाई करू नका, बाहेर पडल्यावर हे हाती लागायचं नाही. मग 1930 ला फोन लावा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला नंबर लागेल. बँकेच्या शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर ते गोठवता येतात, तीन महिन्यांपूर्वीचे मिळायची आशा कमी आहे, शेवटचा हप्ता नुकताच भरला असला तर त्याची थोडी जास्त. हे झालं की ॲप काढून टाका, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, कारण लिंकवरून घेतलेल्या ॲपनं मेसेज वाचायची परवानगी घेतलेली असू शकते. आणि काही दिवसांनी "तुमचे पैसे काढून देतो, दहा टक्के ॲडव्हान्स द्या" असा कुणाचा तरी फोन येईल, तो पण त्यातलाच.

दोन्ही सरांना आज रात्रीच फोन करा. लाज वाटेल, पण उद्या त्यांनी भरले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. ते जे 15 हजार खात्यावर आले ना, ते बहुतेक दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतील. त्यानं तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक तेवढी रक्कम अडवते, कधी पूर्ण खातंच गोठवते. पगार तिथंच येतो तुमचा, मुलीच्या क्लासची फी पण तिथूनच जात असेल. म्हणून तक्रारीत ते 15 हजार लपवू नका, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव स्वतःहून लिहा, ती रक्कम खात्यात बाजूला राहू द्या. आणि ह्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेत खातं उघडून ठेवा. पगाराचं खातं बदलायला अर्ज लागेल तो हेडमास्तरांकडं आत्ताच द्या, पगारबिल गेल्यावर दिला तर एक महिना तसाच जाईल.